वीस लांब श्वास आणि डोहातली डुबकी



उन्हाळ्यात आरमोरीला वैनगंगेचं पात्र आटतं. वाळूचे पट्टे उघडे पडतात, पण वळणावळणावर डोहांत पाणी उरतंच. दुपार कलली की पोरं तिकडे. मी सायकलने त्या बाजूने येत होतो, तेव्हा आमच्या आठवीतली चारपाच पोरं काठावर उभी दिसली. एकजण पोटावर हात ठेवून भात्यासारखा जोरजोरात श्वास घेत-सोडत होता आणि बाकीचे मोजत होते, "सतरा, अठरा, एकोणीस…" विसाव्या श्वासाला त्याने सूर मारला.

पाण्याखाली सर्वांत जास्त वेळ कोण राहतो याची पैज होती. तो वर आला तेव्हा मी विचारलं, हे वीस श्वास कशाला? तो म्हणाला, "सर, आधी लंबा लंबा श्वास घेतला का मंग लवकर दमच लागत नाही. ऑक्सिजन भरून घेतो ना आत."

यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसरं चूक आहे. आणि पहिलं खरं आहे म्हणूनच दुसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवणारा चांगला पोहणारा मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. हा लेख त्या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे. सातवी-आठवीच्या श्वसनाच्या पाठाला जोडून तो सांगता येतो, आणि घरीही सांगता येतो.

आधी ऑक्सिजन भरून घेण्याचं पाहू. कोरोनाच्या काळात शाळेत आलेला ऑक्सिमीटर आमच्या कपाटात पडून होता. त्याचे सेल बदलले आणि मी स्वतःवरच मोजून पाहिलं. खुर्चीवर बसून, शेजारी एक सहकारी शिक्षक, हातात घड्याळ. (हा प्रयोग मुलांकडून करून घेऊ नका. का ते पुढे येईलच. उभं राहूनही करू नका.) साधं बसलेलं असताना आकडा होता ९७. मग वीस लांब, जोरदार श्वास घेतले. आकडा झाला ९९. बस्स, एवढंच!

हा आकडा म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन शंभरात किती ऑक्सिजनने भरलेलं आहे ते. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच जवळजवळ काठोकाठ भरलेलं असतं. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार. फुफ्फुसातली हवा थोडी ताजी होते, तिथे ऑक्सिजनची किंचित भर पडते हे खरं. पण पाण्याखाली हातपाय मारणारं शरीर ती भर काही सेकंदांत संपवून टाकतं.

मग दम कसा वाढला? कारण माझाही वाढला. साधा श्वास रोखला तेव्हा ४१ सेकंदांत सोडावा लागला. वीस श्वासांनंतर ७२ सेकंद टिकलो. त्या वीस श्वासांत बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि डोकं हलकं वाटलं. ते लक्षात ठेवा, त्याचाही अर्थ लागतो.

उत्तर मिळतं ते आपण शाळेत करतो त्या चुन्याच्या निवळीच्या प्रयोगात. नळीतून फुंकलं की निवळी दुधाळ होते, कारण बाहेर टाकलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के असतो. आत घेतो त्या हवेत तो नावालाच, म्हणजे ०.०४ टक्के. हा वायू शरीरात सतत तयार होत असतो आणि रक्तातून फुफ्फुसात येऊन बाहेर पडतो. रक्तात तो पाण्याशी मिळून सौम्य आम्ल बनवतो, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, या आम्लतेवर नजर ठेवणाऱ्या पेशी आहेत. आम्लता थोडी वाढली की त्या हुकूम सोडतात: श्वास घे. श्वास रोखल्यावर छातीत जी तडफड होते, पोट आतून उचकी दिल्यासारखं हलतं, ती या हुकमाची.

म्हणजे दम लागतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. हे आपल्या मनाला पटत नाही, कारण आपल्याला हवा असतो तो ऑक्सिजन. पण ऑक्सफर्डचे हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ सालीच दाखवून दिलं होतं की साध्या अवस्थेत श्वासाचा वेग ठरवणारा मुख्य घटक कार्बन डायऑक्साइडच आहे. ऑक्सिजन मोजणाऱ्या पेशीही आहेत, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी. पण त्या बऱ्याच उशिरा, ऑक्सिजन चांगलाच खाली गेल्यावर जोरात ओरडतात. आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्यांचं ओरडणंही क्षीण होतं.

मी वर्गात असं सांगतो. समजा एक गाडी आहे, तिला पेट्रोलचा काटाच नाही. टाकीत पेट्रोल किती उरलं ते कळत नाही, फक्त धूर किती जमला ते दाखवणारा काटा आहे. रोजच्या चालण्यात हे बरोबर जमतं, कारण जेवढं पेट्रोल जळतं तेवढा धूर होतो. धुराचा काटा लाल रेघेवर आला की टाकीत अजून भरपूर शिल्लक असते. पण कुणी निघण्याआधी धुराची टाकी पंपाने ओढून रिकामी केली तर? काटा शून्याच्या खालून निघेल. लाल रेघेवर पोचायला त्याला खूप वेळ लागेल. तोवर पेट्रोल मात्र नेहमीच्याच वेगाने जळत राहील.

वीस लांब श्वास म्हणजे तो पंप.

थोडे आकडे घेऊ, फार नाहीत. रक्तातल्या वायूंचं प्रमाण डॉक्टर रक्तदाबासारखंच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण अवस्थेत धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड ४० असतो आणि ऑक्सिजन १०० च्या आसपास. कार्बन डायऑक्साइड पन्नाशीकडे गेला की श्वास रोखणं असह्य होतं. ऑक्सिजन तिशीच्या आसपास उतरला की माणूस बेशुद्ध होतो. साध्या डुबकीत पहिली घटना दुसरीच्या खूप आधी घडते, म्हणून आपण जिवंत वर येतो. जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड ४० वरून २५ पर्यंत किंवा त्याहून खाली नेता येतो. आता त्याला ५० वर पोचायला १० नाही, २५ अंक चढायचे आहेत. ऑक्सिजन मात्र जवळजवळ तिथूनच निघाला आहे. दोघांच्या शर्यतीत आता कोण आधी पोचेल याचा भरवसा राहत नाही.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाचे आल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगात माणसं बसून साधा श्वास रोखत तेव्हा सरासरी ८७ सेकंद टिकत. आधी जोरात श्वास घेतले तर १४६ सेकंद. मग त्यांनी श्वास रोखून व्यायाम करायला लावला, कारण पोहणारा माणूस बसलेला नसतो. तेव्हा साध्या श्वासाने ६२ सेकंद, आणि आधी जोरात श्वास घेतल्यावर ८५. पण त्या ८५ व्या सेकंदाला, म्हणजे माणसाला पहिल्यांदा असह्य झालं त्या क्षणी, फुफ्फुसातला ऑक्सिजन चाळिशीच्या जवळ उतरलेला होता. तेवीस सेकंदांची कमाई दिसते खरी. प्रत्यक्षात ते बेशुद्धीच्या काठाकडे टाकलेलं पाऊल होतं. आणि ही माणसं जमिनीवर होती, कुठलीही पैज जिंकायची नव्हती.

क्रेग यांनीच पुढे १९७६ मध्ये पाण्याखाली बेशुद्ध पडलेल्यांच्या ५८ घटना एकत्र करून पाहिल्या. त्यात आपल्या काठावरच्या पोराची गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पोहणारा चांगला, आधी जोरात श्वास घेतलेले, आणि समोर काहीतरी गाठायचं, ठरलेलं अंतर किंवा दुसऱ्याशी चढाओढ. वाचलेल्यांपैकी अनेकांना धोक्याची खूण जाणवलीच नव्हती.

याचं कारण मला माझ्या खुर्चीतल्या प्रयोगात थोडंसं कळलं. ७२ सेकंदांच्या त्या दुसऱ्या खेपेला पहिली चाळीसेक सेकंद फार सुखाची होती. काहीच ओढ नाही, अगदी शांत. आपण किती तयार आहोत असं वाटत होतं! ऑक्सिमीटरचा आकडाही हलत नव्हता. श्वास सोडल्यावर मी आरामात बसलो, आणि त्यानंतर दहापंधरा सेकंदांनी आकडा घसरून ९३ झाला आणि मग परत चढला. फुफ्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून यंत्र नेहमी मागचं दाखवतं. म्हणजे ऑक्सिमीटर लावून दम रोखण्याची मजा करणाऱ्यालाही तो वेळेवर सावध करणार नाही. मेंदूला तो उशीर मिळत नाही.

मुंग्या आणि हलकं डोकं यांचंही इथेच सांगतो. कार्बन डायऑक्साइड घटला की रक्तातलं आम्ल कमी होतं. त्याने नसांची संवेदनशीलता वाढते आणि बोटं, ओठ झिणझिणतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर आल्यासारखं होतं. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज सोडत नाही. ज्याला पोरं 'ऑक्सिजन चढला' म्हणतात, त्या वेळी मेंदूला मिळणारा ऑक्सिजन खरं तर कमी झालेला असतो. एवढी एक गोष्ट जरी मुलांच्या डोक्यात बसली तरी पुष्कळ झालं.

आता डोहाची खोली. हौदात आडवं पोहणं आणि डोहात तळ गाठून वर येणं यांत एक फरक आहे, आणि तो दाबाच्या पाठातला आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. डोह पाच मीटर खोल धरू. तळाशी दाब दीडपट. फुफ्फुस दबून दोनतृतीयांश होतं आणि आतल्या ऑक्सिजनचा दाबही दीडपट होतो. म्हणजे मुलाने तळाशी इतका वेळ घालवला की खरं तर ऑक्सिजन संपत आला आहे, तरी तिथे तो समजा ४५ आहे. ४५ वर मेंदू कसाबसा चालतो. त्याला वाटतं, अजून आहे दम, तळातला दगड उचलूनच जाऊ. मग तो वर यायला निघतो. पृष्ठभागाशी दाब परत एकपट, म्हणून ऑक्सिजन ४५ भागिले दीड, म्हणजे ३०. वाटेत हातपाय मारताना खर्च झाला तो वेगळाच. हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून दिसतं ते खरं आहे: बेशुद्धी तळाशी येत नाही, वर येताना शेवटच्या एकदोन मीटरांत येते. काठावरच्यांना डोकं पाण्याबाहेर येतं न येतं असं दिसतं, आणि मुलगा परत खाली जातो. बघणाऱ्यांना वाटतं, त्याने आणखी एक डुबकी मारली.

ही बेशुद्धी ओळखता येते का? बुडणाऱ्या माणसाचं जे चित्र आपल्या मनात असतं, हात वर, ओरडणं, पाण्याचा खळखळाट, त्यातलं इथे काहीच नसतं. पोहता पोहता हातपाय ढिले पडतात. कधी अंगाला दोनचार झटके येतात, तोंडातून बुडबुडे सुटतात. मग शरीर स्थिर. थोड्या वेळाने कार्बन डायऑक्साइड पुरेसा साठला की मेंदूचा तळ आपलं काम करतो आणि श्वास घ्यायला लावतो, फक्त आता भोवती पाणी असतं. म्हणून पैजेत पाण्याखाली शांत पडलेला मुलगा 'जिंकतोय' असं धरून मोजत बसणं हेच सर्वांत धोक्याचं. मेंदूला ऑक्सिजनशिवाय चारसहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते, आणि त्यातली पहिली मिनिटं मोजण्यात जातात.

इथे एक मर्यादा सांगून ठेवतो, नाहीतर गैरसमज होईल. आपल्याकडे नदीत होणारे मृत्यू बहुतेक या कारणाने होत नाहीत. पोहता न येणं, रेतीच्या उपशाने पडलेले खड्डे, अचानक वाढलेलं पाणी, ही कारणं मोठी आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळं बोलावं लागेल. मी सांगतोय तो धोका ज्यांना पोहता येतं त्यांचा आहे. 'आमचा पोरगा मासोळीसारखा पोहते, काही काळजी नाही' असं म्हणणाऱ्या घराचा आहे.

आमच्या भागात ढिवरांच्या घरांत पाण्याशी नातं पिढ्यांचं. मामा तलावांत आणि नदीत जाळं अडकलं की डुबकी मारून सोडवणारे लोक आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी मुद्दाम विचारलं, पाण्यात जाण्याआधी तुम्ही असे खूप श्वास घेता का? ते हसले. "नाही जी. एक श्वास घ्याचा, जाचं. दम लागला का वर याचं. जाळं कुठी पळून जात नाही." त्यांना कार्बन डायऑक्साइड माहीत नव्हता, पण धुराचा काटा त्यांनी कधी बिघडवला नव्हता. दम लागणं ही त्यांच्या लेखी कमजोरी नाही, निरोप आहे.

काही पालक विचारतील, शाळेत योगदिनाला भस्त्रिका करवून घेता, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. भस्त्रिकेसारख्या जोरदार श्वासानंतर कुंभक सोपा वाटतो, त्यामागे हेच कारण आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला, आणि प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजन मिळण्यात आहे ही समजूत त्यांनीही मान्य केली नव्हती. फरक जागेचा आहे. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याला चक्कर आली तर तो कलंडेल, श्वास आपोआप सुरू होईल आणि तो शुद्धीवर येईल. तीच चक्कर पाण्यात आली तर आपोआप सुरू होणारा श्वासच जीव घेतो. म्हणून मी आता योगाच्या तासाला एक वाक्य जोडतो: हे पाण्यात किंवा पाण्यात जाण्याआधी करायचं नाही. गेल्या वर्षापर्यंत मी ते सांगत नव्हतो, हेही कबूल करतो.

आणि प्रसंग आलाच तर. पाण्याखाली कुणी हलेनासा झाला की मोजणं सोडून लगेच बाहेर काढायचं. काढणाऱ्याने शक्यतो दोरी, बांबू, रिकामा डबा असं काही घेऊन जावं. बाहेर आल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं धरून फिरवणं हे आपल्याकडे हमखास होतं. त्याने वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जायची भीती असते. मूल श्वास घेत नसेल तर उताणं झोपवायचं, हनुवटी वर करून नाक दाबायचं आणि तोंडाने पाच श्वास द्यायचे, प्रत्येक श्वासाला छाती वर येते का ते बघत. इथे कमी आहे तो ऑक्सिजन, म्हणून आधी श्वास. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाब, दोन श्वास, परत ३० दाब, मदत येईपर्यंत. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. मूल शुद्धीवर येऊन 'मी बरा आहे' म्हणालं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुफ्फुसात गेलेलं थोडं पाणीही काही तासांनी त्रास देतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी निवळीचा प्रयोग परत केला. या वेळी आधी एकाला दहा सेकंद श्वास रोखून मग फुंकायला सांगितलं, आणि दुसऱ्याला साधं. कुणाची निवळी लवकर दुधाळ होते ते सगळ्यांनी पाहिलं. मग धुराच्या काट्याची गोष्ट सांगितली. काठावर सूर मारणारा पोरगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "म्हनजे सर, मी जिकलो तवा माझा ऑक्सिजन सगळ्यात कमी होता?"

मी म्हटलं, हो.

तो जरा वेळ गप्प बसला. मग शेजारच्याला म्हणाला, "मंग आता पैज पोहून पल्याड जायची लावू. डोकं वर ठेवून."

त्यावर काठावर मोठं माणूस हवं, ही अट मी घातली. ती अजून पूर्ण मान्य झालेली नाही. बोलणी चालू आहेत.